कंबरदुखीचा अंदाज आणि अभ्यासातून निसटलेली माणसं

कंबर धरली म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाचे दोन प्रश्न असतात. नेमकं काय झालंय, हा एक. आणि मी पुन्हा कामाला कधी लागेन, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुष्कळदा ठामपणे देता येत नाही, कारण बहुतेक कंबरदुखीत एक्स-रे किंवा एमआरआयवर बोट ठेवून दाखवावं असं एकच कारण सापडत नाही. दुसऱ्याचं उत्तर तर कुठल्याच यंत्रात दिसत नाही. अशाच दुखण्याच्या शेकडो माणसांचं पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने काय झालं हे कुणी नीट नोंदवून ठेवलं असेल, तरच ते मिळतं.

अशा नोंदींमधून संशोधक खुणा शोधतात. दुखणं पायात उतरतं का, किती दिवसांचं आहे, काम किती अंगमेहनतीचं आहे, मन खचलेलं आहे का. पहिल्या भेटीत दिसणारी आणि पुढचं काहीतरी सांगणारी अशी कुठलीही खूण म्हणजे पूर्वसूचक घटक, डॉक्टरांच्या बोलण्यातला प्रोग्नॉस्टिक फॅक्टर. या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो रुग्णाचा स्वतःचा अंदाज. त्याला पहिल्याच दिवशी विचारायचं, "तीन महिन्यांत तुम्ही नेहमीच्या कामावर परत जाल असं तुम्हाला कितपत वाटतं? शून्य ते दहामध्ये सांगा." आणि पुढे वर्षभराने पाहायचं, की मोठा आकडा सांगणारे खरोखर जास्त संख्येने कामावर परतले का.

कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातील जिल हेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच प्रश्नावर कोक्रेन संस्थेसाठी एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. त्यात ६० अभ्यास होते आणि त्यांतल्या रुग्णांची संख्या ३०,००० च्या वर होती. कामावर परतण्याशी चांगल्या अपेक्षेचं नातं भक्कम निघालं आणि त्या पुराव्याला त्यांनी मध्यम दर्जा दिला. दुखणं किती कमी होईल, याबाबतचा पुरावा मात्र त्याहून कमकुवत ठरला.

साठ अभ्यासांचे आकडे एकत्र करण्याआधी प्रत्येक अभ्यासावर किती विसंबायचं हे ठरवावं लागतं. त्यासाठीचं साधनही हेडन यांच्याच गटाने घडवलेलं आहे. त्याची मांडणी २००६ मध्ये झाली आणि सुधारलेलं रूप २०१३ मध्ये आलं. त्याचं नाव क्विप्स. त्यात सहा अंगांनी तपासणी होते: अभ्यासात कोण घेतले, त्यांतले किती टिकले, पूर्वसूचक घटक कसा मोजला, परिणाम कसा मोजला, इतर घटकांचा गुंता कसा सोडवला, आणि विश्लेषण व मांडणी प्रामाणिक आहे का. प्रत्येक अंगाला चुकीचा धोका कमी, मध्यम किंवा जास्त असं मानांकन मिळतं. दोन परीक्षक एकमेकांना न विचारता ते देतात आणि मग समोरासमोर बसून मतभेद मिटवतात. सहांपैकी दोन अंगं अशी आहेत, की ती चुकली तर आकडा दिसायला सुरेख आणि अर्थाने भलताच होतो. एक म्हणजे गुंता आणि दुसरं म्हणजे गळती.

आपण एक काल्पनिक अभ्यास घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत असे ठरवले आहेत, पण असे निबंध परीक्षकांपुढे नेहमी येतात. कंबरदुखीचे ४०० कामकरी रुग्ण. त्यांतल्या २०० जणांनी चांगली अपेक्षा व्यक्त केली, २०० जणांनी "अवघड दिसतंय" म्हटलं. वर्षानंतर पहिल्या गटातले १६४ जण कामावर होते, म्हणजे ८२ टक्के. दुसऱ्या गटातले १०४, म्हणजे ५२ टक्के. फरक तीस टक्क्यांचा. वाचणाऱ्याला वाटेल, मनाच्या उभारीत केवढी ताकद आहे!

पण ज्याचं दुखणं मुळात सौम्य आहे, तो साहजिकच चांगली अपेक्षा बाळगणार. ज्याला रात्र रात्र कुशीवर वळता येत नाही, तो कशाच्या बळावर दहापैकी नऊ म्हणेल? दुखण्याची तीव्रता अपेक्षाही ठरवते आणि परिणामही ठरवते. दोन्हीकडे हात असलेल्या अशा घटकाला कन्फाउंडर म्हणतात. तो बाजूला काढायचा तर सौम्य दुखणं आणि तीव्र दुखणं असे दोन ढीग करून प्रत्येक ढिगात तुलना करायची.

समजा, चांगली अपेक्षा असलेल्या २०० जणांत सौम्य दुखण्याचे १६० होते आणि त्यांतले १४४ परतले. तीव्र दुखण्याचे ४० होते आणि त्यांतले २० परतले. अपेक्षा नसलेल्या २०० जणांत सौम्य दुखण्याचे ६०, त्यांतले ४८ परतले. तीव्र दुखण्याचे १४०, त्यांतले ५६ परतले. आता सौम्य दुखण्याच्या ढिगात तुलना करा. चांगली अपेक्षा असलेले ९० टक्के परतले, नसलेले ८० टक्के. तीव्र दुखण्याच्या ढिगात ५० टक्के आणि ४० टक्के. दोन्ही ढिगांत फरक दहाच टक्क्यांचा. आधी दिसलेल्या तिसातला वीस टक्क्यांचा वाटा दुखण्याच्या तीव्रतेचा होता, तो अपेक्षेच्या नावावर जमा झाला होता.

इथे एक रास्त शंका निघते. आपल्याला फक्त पुढचा अंदाज बांधायचा असेल, तर गुंता सोडवण्याची गरजच काय? ज्याची अपेक्षा कमी, तो परतण्याची शक्यता कमी, एवढं पुरे नाही का? पुरे नाही, कारण दुखण्याची तीव्रता डॉक्टरांना आधीच माहीत असते. ती विचारून झालेली असते, केसपेपरवर लिहिलेली असते. ती माहीत असताना अपेक्षेचा प्रश्न विचारल्याने नवीन काय कळतं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर तीस नव्हे, दहा आहे. दहा टक्केही काही थोडे नव्हेत. पण तिसावर विसंबून रुग्णांची वर्गवारी करणारा दवाखाना चुकेल.

प्रत्यक्षात दोनच ढीग करून भागत नाही. वय, दुखण्याचा काळ, कामाचं स्वरूप, नैराश्य, नुकसानभरपाईचा दावा असे अनेक घटक एकाच वेळी हिशेबात घ्यायचे असतात, म्हणून संख्याशास्त्रीय समीकरण मांडलं जातं आणि निबंधात ‘समायोजित’ आकडा छापला जातो. तो शब्द दिसला की अनेक वाचकांचं समाधान होतं. परीक्षकाचं काम तिथून सुरू होतं.

चांगला परीक्षक निबंध उघडण्याआधीच त्या विषयातल्या डॉक्टरांशी बसून यादी करतो, की या प्रश्नात किमान कोणते घटक हिशेबात यायलाच हवेत. ही यादी आधी करण्याला फार महत्त्व आहे. निबंध वाचून मग यादी केली, तर लेखकाने जे घटक घेतले तेच पुरेसे वाटू लागतात. यादी हातात घेऊन वाचलं, की काय नाही ते दिसतं. आपल्या उदाहरणात समजा वय, लिंग, दुखण्याची तीव्रता आणि दुखण्याचा काळ घेतलेत, पण काम अंगमेहनतीचं की बैठं हे घेतलेलं नाही. हमालाची अपेक्षा आणि कारकुनाची अपेक्षा वेगळी असणार, आणि परतण्याची संधीही वेगळी असणार. म्हणजे गुंत्याचा एक धागा तसाच राहिला.

मग हे घटक निवडले कसे, ते पाहायचं. फार वापरली जाणारी एक रीत अशी, की प्रत्येक घटकाचं परिणामाशी एकेकट्याने नातं तपासायचं, ज्यांचा पी-आकडा ०.०५ च्या खाली येईल तेच समीकरणात ठेवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे. लहान अभ्यासात या रीतीने महत्त्वाचा कन्फाउंडरही सहज गळून पडतो, कारण पी-आकडा घटकाच्या महत्त्वाइतकाच रुग्णांच्या संख्येवरही अवलंबून असतो. घटक मोजला कसा, हेही बघावं लागतं. दुखण्याची तीव्रता शून्य ते दहा अशी मोजून नंतर ‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ अशा दोनच डब्यांत टाकली असेल, तर पाच सांगणारा आणि दहा सांगणारा एकाच डब्यात जाऊ शकतो. डब्याच्या आतला तो फरक मोकळाच राहतो आणि अपेक्षेच्या आकड्यात मिसळतो.

उलट बाजूची चूकही होते, आणि ती जास्त फसवी असते. समजा, लेखकांनी पहिल्या महिन्यात रुग्णाने व्यायाम नियमित केला का, हेही समीकरणात घातलं. वरवर पाहता हा काटेकोरपणा वाटतो. पण ज्याला बरं होण्याची आशा आहे तोच व्यायाम नेमाने करतो, आणि व्यायामामुळे तो बरा होतो. म्हणजे व्यायाम हा अपेक्षेपासून परिणामाकडे जाणाऱ्या वाटेवरचाच टप्पा आहे. तो हिशेबातून वजा केला, तर अपेक्षेचा खरा परिणामच वजा होतो आणि निबंध म्हणतो, ‘अपेक्षेला स्वतंत्र महत्त्व आढळलं नाही’. म्हणून परीक्षक प्रत्येक घटकापुढे तारीख पाहतो: हा पूर्वसूचक घटकाच्या आधी किंवा त्याच वेळी मोजला, की नंतर? नंतरचा असेल तर थांबून विचार करायचा.

आता गळती. हे अंग मला जास्त जिव्हाळ्याचं वाटतं, कारण यात प्रश्न खऱ्या माणसांचा असतो. अभ्यासात नाव नोंदवलं, पहिल्या दिवशी प्रश्नांची उत्तरं दिली, आणि वर्षाने त्यांचा पत्ता नाही. त्यांचं काय झालं असेल?

फॉलो-अप ८० टक्क्यांच्या वर असला की बरा, असा एक ढोबळ नियम बोलण्यात असतो. आपल्याच अभ्यासावर तो लावून पाहू. या वेळी ढीग बाजूला ठेवून मूळ दोन गट घेऊ, ज्यांत खरा फरक ८२ विरुद्ध ५२ टक्के आहे. अपेक्षा कमी असलेल्या गटात १०४ जण कामाला लागले होते. त्यांतले ४० जण वर्षाच्या फॉलो-अपला आलेच नाहीत. दुखणं गेलं, काम सुरू झालं, सुट्टी टाकून दवाखान्यात कोण जाणार? न परतलेल्या ९६ पैकी मात्र १० जणच निसटले, कारण बाकीचे उपचारांसाठी येतच होते. चांगल्या अपेक्षेच्या गटातून एकूण २० जण निसटले, त्यांतले १४ कामावर परतलेले आणि ६ न परतलेले.

म्हणजे ४०० पैकी ३३० जण सापडले. फॉलो-अप ८२.५ टक्के, नियमात बसला. पण हाती आलेल्या माणसांवरून हिशेब करा. चांगल्या अपेक्षेच्या १८० पैकी १५० परतलेले, ८३ टक्के. हे ठीक आहे. कमी अपेक्षेच्या १५० पैकी ६४ परतलेले, म्हणजे ४३ टक्केच. खरे ५२ होते. तीस टक्क्यांचा फरक चाळीसवर गेला, आणि निबंधातली कुठलीही बेरीज चुकलेली नाही.

गळती किती झाली याइतकंच ती कुणाची झाली, याला महत्त्व आहे. कमी अपेक्षेच्या गटातून पन्नास गेले आणि दुसऱ्यातून वीस, एवढ्यानेच काही बिघडत नाही. पन्नास जाऊनही त्यांतले परतलेले आणि न परतलेले मूळ प्रमाणातच गेले असते, तर उरलेल्यांतही ५२ टक्केच दिसले असते. बिघडतं ते निसटणं परिणामाशी बांधलं गेलं की, आणि तेही एका गटात जास्त, दुसऱ्यात कमी असं झालं की.

मराठवाड्यातल्या एखाद्या रुग्णालयात हाच अभ्यास करायचं म्हटलं, तर हा धोका ढळढळीत दिसेल. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. कंबरदुखी असलेला त्यांतला एखादा माणूस जानेवारीतल्या फॉलो-अपला आला नाही, तर नोंदवहीत ‘संपर्क झाला नाही’ असा शेरा पडेल. पण तो कोयता घेऊन फडात उभा आहे, म्हणजे अभ्यासाला जो परिणाम मोजायचा होता तोच घडलेला आहे. आणि जो घरी राहिला, ज्याला उचल घेऊनही जाता आलं नाही, तो फॉलो-अपला हजर. मोजणी फक्त त्याची होईल.

निसटलेल्यांचा परिणाम माहीत नसतो, मग परीक्षकाला हे ओळखू कसं यावं? निबंधात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, राहिलेले आणि निसटलेले यांची पहिल्या दिवसाच्या माहितीवरची तुलना. वय, दुखणं, कामाचा प्रकार आणि मुख्य म्हणजे अपेक्षा दोघांत सारखी होती का? सारखी असली तरी हमी मिळत नाही, पण वेगळी असली तर इशारा नक्की मिळतो. दुसरी, निसटण्याची कारणं. ‘पत्ता बदलला’, ‘मृत्यू’, ‘नकार दिला’ अशी गटवार नोंद असेल तर काही अंदाज बांधता येतो. तिसरी, शोधायचे प्रयत्न. फक्त एक पत्र टाकलं, की फोन केला, घरी माणूस पाठवला, मालकाच्या हजेरीपटावरून किंवा विम्याच्या नोंदींवरून काम सुरू आहे का ते पाहिलं? कामावर परतणं हा परिणाम असेल तेव्हा हजेरीपट फार मोलाचा, कारण त्याला रुग्णाच्या येण्याची गरजच पडत नाही.

सर्वांत अवघड गळती ती, जी गळती म्हणून लिहिलेलीच नसते. निबंध म्हणतो, ‘३३० रुग्णांचा अभ्यास केला’ आणि फॉलो-अप पूर्ण, शंभर टक्के. नीट वाचल्यावर निवडीच्या निकषांत एक ओळ सापडते: ‘किमान बारा महिन्यांच्या नोंदी उपलब्ध असलेले रुग्ण’. जुने केसपेपर काढून केलेल्या अभ्यासांत ही ओळ फार आढळते. सत्तर माणसं सुरुवातीलाच पुसली गेली आणि अभ्यास निर्दोष दिसू लागला. दुसरी लपलेली जागा तक्त्यात असते. कुणाचं वय लिहायचं राहिलं, कुणाची नैराश्याची प्रश्नावली अर्धवट. समीकरण मांडणारं सॉफ्टवेअर एकही रकाना रिकामा असलेल्या माणसाला सहसा मुकाट्याने वगळतं. मग पहिल्या तक्त्यात ३३० असलेली संख्या समायोजित आकड्याखालच्या बारीक टिपेत २४० झालेली असते, किंवा ती टीपही नसते. परीक्षकाने प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावरची संख्या वहीत उतरवून घ्यावी, इतकी ही गोष्ट साधी आहे आणि इतकी सुटते.

आपल्या काल्पनिक निबंधाला मग काय मिळेल? गळतीच्या अंगाला मी ‘जास्त धोका’ देईन, जर निसटलेल्यांची तुलना छापलेली नसेल आणि दोन गटांतली गळती २५ आणि १० टक्के इतकी वेगळी असेल. गुंत्याच्या अंगाला ‘मध्यम’, कारण मुख्य कन्फाउंडर घेतला आहे पण कामाचं स्वरूप राहिलं आहे. दुसरा परीक्षक कदाचित गळतीला ‘मध्यम’ म्हणेल, आणि मग आम्हाला दोघांनाही निबंधातल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवून आपलं मत सांगावं लागेल. म्हणून प्रत्येक मानांकनाशेजारी कारण आणि शक्य तर मूळ वाक्य उतरवून ठेवायची पद्धत आहे.

सहा अंगांचे गुण करून त्यांची बेरीज मात्र करायची नसते. पाच अंगं उत्तम आणि गळती भयंकर, अशा निबंधाला बेरजेत चांगले गुण पडतील आणि चाळीस टक्क्यांचा तो फुगलेला फरक साळसूदपणे आढाव्यात शिरेल. त्याऐवजी आढावा लिहिणारे सर्व अभ्यासांचा एकत्रित आकडा काढतात, आणि मग जास्त धोक्याचे अभ्यास बाजूला ठेवून तोच आकडा पुन्हा काढतात. दोन्ही जवळपास सारखे आले, तर निष्कर्षाला पाय आहेत. वगळल्यावर फरक निम्म्यावर आला, तर तेही छापायचं आणि पुराव्याचा दर्जा एक पायरी खाली आणायचा.

त्याआधी आणखी एक काम असतं, ते म्हणजे मूळ लेखकांना पत्र लिहिणं. निसटलेल्या सत्तर जणांची पहिल्या दिवशीची अपेक्षा काय होती, त्यांतल्या कुणाची हजेरीपटावर नोंद मिळते का, समायोजित आकडा नेमक्या किती जणांवर काढला? कधी उत्तर येतं, सोबत पूर्ण तक्ता येतो, आणि ‘जास्त’चं ‘मध्यम’ होतं. कधी उत्तर येत नाही. मग आढाव्याच्या तक्त्यात त्या अभ्यासासमोर ‘माहिती दिलेली नाही’ असं लिहून मानांकन आहे तसं ठेवायचं.